कोर्सआधी पन्नास जाहिराती

चाकण-रांजणगावच्या कारखान्यात क्वालिटी किंवा प्रॉडक्शनमध्ये तीन-चार वर्षं काढलेला मेकॅनिकल इंजिनीअर डेटा अ‍ॅनालिटिक्सकडे वळायचं ठरवतो, तेव्हा त्याचा पहिला खर्च बहुतेक वेळा क्लासच्या फीवर होतो. साइटवर प्लॅनिंग किंवा बिलिंग करणाऱ्या सिव्हिलवाल्याचंही तेच. क्लासचा अभ्यासक्रम ठरलेला असतो. आधी पायथन, मग थोडं संख्याशास्त्र, मग मशीन लर्निंग आणि शेवटी टायटॅनिक जहाजावरचे कोणते प्रवासी वाचले असतील ते सांगणारा प्रोजेक्ट. हे सगळं झाल्यावर नोकरीच्या जाहिराती उघडल्या की लक्षात येतं, मागणी निराळीच आहे. कुठे एसक्यूएलची परीक्षा आहे, कुठे पॉवर बीआयचा डॅशबोर्ड मागितलाय, कुठे एसएपीची ओळख हवी आहे. टायटॅनिकबद्दल कुणी विचारत नाही.

हा क्रम उलटा करता येतो. फी भरण्याआधी पन्नासेक जाहिराती गोळा करून त्यांनाच डेटा समजायचं आणि त्यांचं विश्लेषण करायचं. दोन रविवारांत होणारं काम आहे. त्यासाठी एक्सेल पुरतं, आणि ते इंजिनीअरला आधीच येत असतं.

गोळा करताना फक्त ‘डेटा अ‍ॅनालिस्ट’ हे दोन शब्द शोधून थांबू नये, कारण या धंद्यात पदाचं नाव आणि प्रत्यक्ष काम यांची फारकत मोठी आहे. एका कंपनीत ‘बिझनेस अ‍ॅनालिस्ट’ म्हणजे विक्रीचे आकडे चाळून अहवाल देणारा माणूस. दुसऱ्या, विशेषतः आयटी कंपनीत, तोच बिझनेस अ‍ॅनालिस्ट ग्राहकाला सॉफ्टवेअर कसं हवंय ते लिहून काढतो आणि आकड्यांना हातही लावत नाही. ‘डेटा इंजिनीअर’ हा डेटा एका जागेवरून दुसऱ्या जागी वाहून नेणारी यंत्रणा बांधतो, ते वेगळंच काम आहे. ‘डेटा अ‍ॅनालिस्ट’ म्हणून छापलेल्या काही जागा तर उघड उघड डेटा एन्ट्रीच्या असतात. म्हणून शोधात ‘एमआयएस एक्झिक्युटिव्ह’, ‘रिपोर्टिंग अ‍ॅनालिस्ट’, ‘सप्लाय चेन अ‍ॅनालिस्ट’, ‘ऑपरेशन्स अ‍ॅनालिस्ट’, ‘वॉरंटी अ‍ॅनालिस्ट’ आणि सिव्हिलवाल्यांसाठी ‘प्रोजेक्ट कंट्रोल्स’ हे शब्दही टाकावेत. यांतल्या कित्येक जागांकडे डेटाच्या क्लासमधून बाहेर पडलेला माणूस फिरकतच नाही, कारण नावात ‘डेटा’ नाही.

काम खरं काय आहे, हे जाहिरातीतली क्रियापदं सांगतात. ‘अहवाल तयार करणे, डॅशबोर्ड सांभाळणे, फरकाची कारणं शोधणे’ असं लिहिलं असेल तर ते अ‍ॅनालिस्टचं काम. ‘नोंदी भरणे, पडताळणे, अपडेट करणे’ एवढंच असेल तर तिथे वर्षभर खुर्चीवर बसूनही शिकायला फार मिळणार नाही.

आता तक्ता. एका ओळीत एक जाहिरात. रकाने थोडेच असावेत: पदाचं नाव, कंपनीचा उद्योग, गाव, मागितलेला अनुभव, शिक्षणाची अट, जाहिरात कधीची आहे, आणि मग प्रत्येक कौशल्याचा एक रकाना, त्यात 1 किंवा 0. कौशल्य ‘हवंच’ असेल तर 1 आणि ‘असल्यास उत्तम’ असेल तर वेगळी खूण, कारण या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक असतो. पायथन बरेचदा दुसऱ्या गटात सापडतं आणि क्लासच्या अभ्यासक्रमात मात्र पहिल्या पानावर असतं.

इथे एक मोह आवरायला हवा. जाहिरातीचा सगळा मजकूर एका रकान्यात चिकटवायचा आणि सूत्र लावून मोजायचं, असं कुणालाही सुचेल:

```
=COUNTIF(H2:H51,"*Excel*")
```

उत्तर येईल आणि ते चुकीचं असेल. हे सूत्र लहान-मोठी अक्षरं सारखीच धरतं आणि शब्दाच्या पोटातलं अक्षरही पकडतं. त्यामुळे ‘excellent communication skills’ असं लिहिलेली प्रत्येक जाहिरात एक्सेल मागते, असा निकाल लागतो. आणि तसं न लिहिणारी जाहिरात विरळा! ‘आर’ या भाषेचं तर विचारूच नका, ते अक्षर इंग्रजीच्या जवळजवळ प्रत्येक वाक्यात असतं. उलट बाजूने पॉवर बीआय हे कुणी दोन शब्दांत लिहितं, कुणी जोडून, त्यामुळे काही जाहिराती निसटतात. पन्नास जाहिराती डोळ्यांनी वाचून 1-0 भरणं कंटाळवाणं आहे खरं, पण मजकूर वाचल्याशिवाय मागणी कळत नाही. शिवाय गलिच्छ डेटा साफ करण्याचा पहिला धडा इथे फुकटात मिळतो.

साफसफाईत आणखी दोन गोष्टी गाळाव्या लागतात. एकच जागा तीन कन्सल्टन्सींनी तीन नावांनी टाकलेली असते. कंपनीचं नाव झाकलेलं, पण मजकुरातली दोन-तीन वाक्यं शब्दशः तीच. अशा तिन्ही ओळी ठेवल्या तर एकाच साहेबाची आवड तिप्पट मोजली जाते. दुसरा प्रकार म्हणजे जाहिरातीच्या वेषातले क्लास: अनुभव शून्य चालेल, कुठलीही पदवी चालेल, पगार भरघोस आणि फोन केल्यावर कळतं की आधी ‘ट्रेनिंग’चे पैसे भरायचे आहेत. त्या ओळी खोडून टाकाव्यात.

उरलेल्या ओळी उद्योगाच्या रकान्यानुसार लावल्या की साधारण तीन ढीग पडतात. पहिला ढीग आयटी, बँकिंग आणि ऑनलाइन विक्रीच्या कंपन्यांचा. तिथे एसक्यूएल पक्कं हवं, पायथन बरेचदा हवं आणि स्पर्धा कॉम्प्युटरच्या पदवीधरांशी. दुसरा ढीग एमआयएस आणि रिपोर्टिंगचा. तिथे एक्सेलवर हुकमत हवी, पिव्होट टेबल आणि लुकअप झोपेत करता आले पाहिजेत. पगार कमी आणि वाट अरुंद. तिसरा ढीग कारखाने, वाहनांचे सुटे भाग, गोदामं-वाहतूक, बांधकाम आणि पायाभूत सुविधांच्या सल्लागार कंपन्यांचा. त्यातल्या जाहिराती वाचताना मेकॅनिकल किंवा सिव्हिलवाला थबकतो, कारण मागण्यांच्या निम्म्या ओळी त्याच्या रोजच्या बोलण्यातल्या असतात. रिजेक्शन, ओईई, डाउनटाइम, पीपीएम, वॉरंटी क्लेम, इन्व्हेंटरी, प्रायमाव्हेरा, बीओक्यू, कॉस्ट व्हेरिअन्स. उरलेल्या निम्म्या ओळी एसक्यूएल, पॉवर बीआय आणि एक्सेलच्या.

ही निम्मी-निम्मी वाटणी हाच या सगळ्या खटाटोपाचा सार्थ निष्कर्ष आहे. पहिल्या ढिगात इंजिनीअरचा चार वर्षांचा अनुभव शून्य धरला जातो आणि तो फ्रेशरच्या रांगेत उभा राहतो. तिसऱ्या ढिगात तोच अनुभव जमेच्या बाजूला येतो आणि शिकायचं उरतं ते मोजकं. त्या ढिगात जाहिराती संख्येने कमी असतात हे खरं. पण आपण नोकरी एकच धरणार आहोत.

आता अभ्यास कसा ठरतो ते एका उदाहरणावर पाहू. समजा, एक तरुणी सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी इंजिनीअर आहे. रोज सकाळच्या मीटिंगला रिजेक्शनचा पॅरेटो मांडणं हे तिचं काम. तिच्या तक्त्यात तिसऱ्या ढिगातल्या बहुतेक ओळींत एसक्यूएल आणि पॉवर बीआय ‘हवंच’ आहे, पायथन ‘असल्यास उत्तम’. म्हणजे क्रम ठरला: आधी एसक्यूएल, मग पॉवर बीआय, पायथन जमलं तर नंतर. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस हे दोन्ही डेटाबेस फुकट मिळतात. पॉवर बीआय डेस्कटॉपही विंडोजवर विनामूल्य चालतं. खर्च वेळेचा.

प्रोजेक्ट म्हणून तिने तिचंच काम घ्यावं, पण कंपनीच्या फाइली घरी आणू नयेत. तो डेटा कंपनीच्या मालकीचा असतो आणि मुलाखतीत ग्राहकाचं नाव असलेला तक्ता दाखवणारा उमेदवार तिथल्या तिथे बाद होऊ शकतो. त्याच धाटणीचे काल्पनिक आकडे तयार करावेत आणि ते काल्पनिक आहेत असं स्पष्ट लिहावं. दोन टेबलं पुरतात. पहिल्यात प्रत्येक शिफ्टला कोणता पार्ट किती बनला त्याची एक ओळ. दुसऱ्यात रिजेक्शन, पण दोषानुसार, म्हणजे एकाच शिफ्टच्या दोन-तीन ओळी असू शकतात.

नवशिका माणूस इथे दोन्ही टेबलं सरळ जोडतो आणि टक्केवारी काढतो. समजा, एका शिफ्टला 400 नग झाले. ब्लो-होलने 6 गेले, माप जास्त म्हणून 4 आणि डेंट पडून 2. एकूण 12, म्हणजे रिजेक्शन 3 टक्के. पण टेबलं सरळ जोडली की उत्पादनाची ओळ तीन दोषांसमोर तीनदा उमटते. बेरीज होते 1,200 आणि रिजेक्शन दिसतं 1 टक्का. संगणक तक्रार करत नाही, डॅशबोर्डवर हिरवा रंग झळकतो. ज्या शिफ्टला एकही नग गेला नाही, तिची दुसऱ्या टेबलात नोंदच नसते, म्हणून साध्या जोडणीत ती शिफ्ट उत्पादनातूनही गायब होते. एक चूक टक्का खाली ओढते, दुसरी वर. दोन्ही मिळून आकडा कधी कधी पटण्यासारखा दिसतो, हे त्याहून वाईट.

उपाय असा की आधी दोषांची बेरीज करून एका शिफ्टची एकच ओळ बनवायची आणि मग ती अशा रीतीने जोडायची की उत्पादनाची एकही ओळ गळणार नाही:

```sql
SELECT p.part_no,
       SUM(p.qty) AS produced,
       SUM(COALESCE(r.rej, 0)) AS rejected,
       ROUND(100.0 * SUM(COALESCE(r.rej, 0))
             / SUM(p.qty), 2) AS rej_pct
FROM production p
LEFT JOIN (
  SELECT prod_id, SUM(qty) AS rej
  FROM rejection
  GROUP BY prod_id
) r ON r.prod_id = p.prod_id
GROUP BY p.part_no;
```

यात नवल काही नाही, एसक्यूएल शिकणारा कुणीही महिना-दीड महिन्यात इथवर येतो. फरक पडतो तो आकडा चुकलाय हे ओळखण्यात. कास्टिंगच्या त्या पार्टला 3 टक्क्यांच्या आसपास रिजेक्शन असतं हे तिला ठाऊक असतं, म्हणून 1 टक्का पाहून ती हरखत नाही, एकूण उत्पादनाचा आकडा शिफ्ट रजिस्टरशी ताडून बघते. मुलाखतीत ही चूक, ती कशी पकडली आणि कशी दुरुस्त केली, एवढं पाच मिनिटांत सांगता आलं तरी दहा सर्टिफिकिटांपेक्षा ते वजनदार ठरतं. विचारणारा बहुधा स्वतः अशा जोडणीत एकदा तरी पोळलेला असतो.

सिव्हिलवाल्यासाठी असाच एक तयार डेटा सार्वजनिक आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेच्या संग्रहात काँक्रीटच्या दाबशक्तीचा एक संच आहे, आय-चेंग ये या संशोधकाने दिलेला. 1,030 नोंदी, प्रत्येकीत आठ गोष्टी: सिमेंट, स्लॅग, फ्लाय अ‍ॅश, पाणी, सुपरप्लास्टिसायझर, खडी, वाळू आणि वय. त्यावरून शक्ती मेगापास्कलमध्ये सांगायची. डेटा सायन्सच्या क्लासमध्येही हा संच येतो आणि तिथे तो सरसकट मॉडेलच्या घशात घातला जातो. साइटवर क्यूब टेस्ट केलेला माणूस मात्र आधी वयाचा रकाना बघतो. 3 दिवसांचा क्यूब आणि 28 दिवसांचा क्यूब एकाच सरासरीत घेणं त्याला खटकतं. तो 28 दिवसांच्या नोंदी वेगळ्या काढतो, पाणी-सिमेंट गुणोत्तराचा नवा रकाना करतो आणि गुणोत्तर वाढलं की शक्ती घसरते, हे आलेखावर तपासतो. तपासताना त्याला दिसतं की बिंदू बरेच विखुरलेले आहेत. स्लॅग आणि फ्लाय अ‍ॅशही सिमेंटचं काही काम करतात, म्हणून पाण्याला नुसत्या सिमेंटने भागून चालत नाही, तिन्हींच्या बेरजेने भागून बघावं लागतं. हे पुढचं पाऊल त्याला पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातल्या काँक्रीट टेक्नॉलॉजीने शिकवलेलं असतं.

त्याच संचात आणखी एक खाच आहे. एकच मिश्रण वेगवेगळ्या वयांना तपासलेलं असल्याने त्याच्या अनेक ओळी आहेत. ओळी पत्त्यांसारख्या पिसून काही शिकवायला आणि काही परीक्षेला ठेवल्या, तर परीक्षेतलं मिश्रण शिकवणीतही येऊन गेलेलं असतं आणि मॉडेल वाजवीपेक्षा हुशार दिसतं. एकाच मिश्रणाच्या सगळ्या ओळी एकाच बाजूला ठेवल्या की गुण उतरतात आणि ते उतरलेले गुणच खरे असतात. बायोडेटात चढे गुण लिहिणारे पुष्कळ. उतरलेले लिहून कारण देणारा उठून दिसतो.

तरीही सिव्हिलच्या उमेदवाराने सगळा भर काँक्रीटच्या मॉडेलवर देऊ नये, असं त्याच्याच तक्त्यातल्या जाहिराती सांगतील. ‘प्रोजेक्ट कंट्रोल्स’ची माणसं मागणाऱ्या कंपन्यांना हवं असतं ते नियोजित आणि प्रत्यक्ष प्रगतीतलं अंतर, आरए बिलं आणि बीओक्यूचा ताळमेळ, सिमेंट-स्टीलचं रिकन्सिलिएशन. साइटवर रोज भरला जाणारा डीपीआर महिनोन्महिने एक्सेलच्या वेगवेगळ्या शीटमध्ये पडून असतो, प्रत्येक शीटचा साचा थोडा निराळा. तीस दिवसांच्या तीस शीट पॉवर क्वेरीने एकत्र आणून एका डॅशबोर्डवर दाखवणं, हा दिसायला साधा प्रोजेक्ट आहे. पण हे दुखणं त्या टेबलापलीकडे बसलेल्या साहेबाच्या रोजच्या डोकेदुखीचं असतं.

जाहिराती वाचण्याच्या या पद्धतीला मर्यादाही आहेत. जाहिरात ही कंपनीची मागणी कमी आणि इच्छायादी जास्त असते. एचआरने जुनी जाहिरात उचलून तीत चार नवी नावं घातलेली असतात, म्हणून एकाच जागेसाठी पॉवर बीआय, टॅब्लो आणि क्लिक ही तिन्ही मागितलेली दिसतात. प्रत्यक्षात त्या कंपनीत एकच चालतं. त्यामुळे एका जाहिरातीवरून काही ठरवू नये. जे कौशल्य तिसऱ्या ढिगातल्या निम्म्याहून अधिक ओळींत येतं, ते शिकावं. एकदाच आलेलं नाव सोडून द्यावं. अनुभवाची अट मात्र गांभीर्याने घ्यावी. ‘2 ते 4 वर्षं’ असं असेल, तर तो अनुभव अ‍ॅनालिटिक्समधला हवाय की त्या उद्योगातला, हे वाक्य नीट वाचून ठरवावं. ‘उत्पादन क्षेत्रात काम केलेलं असावं’ असा उल्लेख असेल तर अर्ज करायला हरकत नाही. ‘अ‍ॅनालिस्ट म्हणून काम केलेलं असावं’ असं स्वच्छ लिहिलं असेल तर चाळणीत नाव गळण्याची शक्यता मोठी.

चाळणीत टिकायचं तर बायोडेटाही त्याच तक्त्यावरून लिहावा लागतो. ‘लाइन रिजेक्शन मॉनिटरिंग’ ही कारखान्याची भाषा झाली. भरती करणारी व्यक्ती शोध घेते ती ‘एसक्यूएल’, ‘डॅशबोर्ड’, ‘रूट कॉज अ‍ॅनालिसिस’ या शब्दांवर. काम खरोखर केलेलं असेल तर ते जाहिरातीच्या शब्दांत लिहिण्यात खोटेपणा नाही. न केलेलं घुसडलं, तर पहिल्याच तांत्रिक फेरीत पितळ उघडं पडतं. या फेरीत कागदावर किंवा स्क्रीनवर दोन टेबलं देऊन जोडणी लिहायला सांगतात, गट करून बेरीज विचारतात, महिन्यागणिक फरक काढायला लावतात.

तारखेच्या रकान्याचाही उपयोग होतो. महिना-दोन महिने तशीच पडून असलेली जाहिरात भरलेली असू शकते किंवा बायोडेटांचा साठा करण्यासाठी लावलेली. ताज्या जाहिरातींत ‘लगेच रुजू होणारा हवा’ हे वाक्य वारंवार भेटतं, आणि कारखान्यातल्या इंजिनीअरची अडचण नेमकी तिथे होते, कारण त्याची नोटीस दोन-तीन महिन्यांची असते. काही जण त्या भरात आधी राजीनामा देऊन मोकळे होतात. हातात ऑफर नसताना असं करणं फार महागात पडू शकतं, कारण क्षेत्र बदलणाऱ्याला पहिली नोकरी मिळायला किती दिवस लागतील हे कुठल्याच तक्त्यात दिसत नाही. ‘नोटीस विकत घेणार का?’ असं एचआरला सरळ विचारावं. काही कंपन्या घेतात.

आणि एक जागा अशी आहे जी त्या पन्नास ओळींत कधीच येत नाही. आपल्याच कंपनीत एसएपीतून डेटा काढून अहवाल बनवणारा, प्लँटचा एमआयएस सांभाळणारा किंवा हेड ऑफिसला आकडे पाठवणारा कुणीतरी असतो. त्याच्या हाताखाली माणूस लागतो तेव्हा जाहिरात निघण्याआधी साहेब आजूबाजूला पाहतो. क्वालिटीतल्या त्या मुलीने सकाळच्या मीटिंगचा पॅरेटो हाताने करण्याऐवजी, रीतसर परवानगी घेऊन, कंपनीच्याच संगणकावर पॉवर बीआयमध्ये बसवला आणि तो महिनाभर न चुकता चालला, तर अशा जागेसाठी तिचं नाव आधी निघतं. पगार लगेच वाढत नाही, पदाचं नावही कदाचित तेच राहतं. पण पुढच्या अर्जात ‘अ‍ॅनालिस्ट म्हणून काम केलेलं असावं’ या ओळीसमोर लिहायला तिच्याकडे खरा मजकूर असतो.